आपणच जिंकू असा पत्त्यांचा खेळ कसा काढावा
(रोटोटुना आणि परिसरातील नवशिक्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन)

पत्त्यांत सतत हरणाऱ्या माणसापुढे दोन मार्ग असतात. पहिला, नीट खेळायला शिकणे. तो आपण सोडून देऊ. त्याला वर्षं लागतात आणि एवढं करून मेव्हणा आपल्यापेक्षा चांगला खेळतोच. दुसरा मार्ग म्हणजे स्वतःचाच खेळ काढणे. नियम आपले, पानं आपली, आणि वाद झालाच तर निकालही आपलाच.

रोटोटुनाची हवा या उद्योगाला फार मानवते. हॅमिल्टनच्या या टोकाला जून-जुलैत सकाळचं धुकं उठता उठत नाही, संध्याकाळी पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, आणि अख्ख्या घरात ऊब असते ती हीट पंप असलेल्या एकाच खोलीत. मातारिकीच्या सुट्टीला तीन-चार मराठी कुटुंबं जमली की पोरंटोरं, आजी-आजोबा, नुकतेच आलेले आणि पासपोर्ट मिळालेले असे सगळे त्याच खोलीत कोंबलेले असतात. जेवणं मुलांपायी साडेसहालाच उरकलेली. बाहेर पाऊस. कोणी उठून जायची शक्यता नाही. आपला खेळ बाहेर काढायला याहून चांगली वेळ नाही, कारण इथे लोकांपुढे पर्याय फक्त भांडी घासण्याचा असतो.

खालच्या पायऱ्या क्रमाने वाचा. क्रम चुकला तरी बिघडत नाही. बहुतेक शोधक शेवटच्या पायरीपासूनच सुरुवात करतात.

१. उद्दिष्ट: एका दमात सांगता येऊ नये याची काळजी घ्या

मेंढीकोटाचं उद्दिष्ट तीन शब्दांत संपतं: दश्श्या गोळा करा. इतकं सोपं ठेवलं की समोरच्याला लगेच कळतं, आणि कळलं की तो जिंकायला लागतो. म्हणून नवशिक्याने आपलं उद्दिष्ट असं मांडावं: सर्वांत जास्त गुण मिळवायचे, पण काळ्या पानांचे उणे धरायचे, लागोपाठची तीन असतील तर उणे माफ, आणि राणी हातात राहिली तर सगळंच दुप्पट. ऐकताना लोक मान डोलावतात. ती मान झोपेमुळे डोलते आहे हे आपल्याला बऱ्याच उशिरा समजतं.

ज्यांना एवढं जमत नसेल त्यांनी नाइलाजाने मेंढीकोटाकडे नीट बघावं. त्यात एक बारीक कारागिरी आहे. दश्श्या चार, म्हणजे दोन-दोन अशी वाटणी होऊ शकते. तसं झालं की ज्यांचे सात हात ते जिंकले. आणि हात तेरा! तेराचे सारखे दोन भाग पडतच नाहीत, म्हणजे डाव अनिर्णित राहूच शकत नाही. ज्या कोणी हे ठरवलं त्याने बरोबरीचं काय करायचं हा प्रश्न कागदावर येण्याआधीच मिटवला. तुमच्या खेळात हा प्रश्न रात्री साडेनऊला, दोन्ही मेव्हणे उभे असताना येईल.

आपण या लेखापुरता एक खेळ हाती घेऊ. नाव ‘आग्रह’. खेळणारे चौघं. प्रत्येकासमोर एक ताट, म्हणजे उताणी पानं ठेवायची जागा. उद्दिष्ट: आपलं ताट वीसपर्यंत भरायचं, पण वीसच्या वर गेलं की अपचन, पानावरून उठायचं. शेवटी ज्याचं ताट सर्वांत भरलेलं तो जिंकला.

इथे कोणीतरी नक्की म्हणेल, “हे तर ब्लॅकजॅक.” खचू नका. नवा खेळ म्हणजे जुना खेळ अधिक घरातलं एक भांडण, एवढंच असतं. अमेरिकेत ओहायोतल्या मर्ल रॉबिन्स नावाच्या न्हाव्याचा ‘क्रेझी एट्स’च्या नियमांवरून मुलाशी वाद झाला आणि त्यातून १९७१ साली ‘उनो’ निघाला. घरच्यांनी आठ हजार डॉलर जमवून पाच हजार कॅट छापले. तुमच्या घरात भांडणं पुरेशी आहेत. आठ हजार डॉलरांचं नंतर बघू. आणि फरक विचारलाच तर सांगा: ब्लॅकजॅकमध्ये माणूस आपणहून घेतो, इथे लोक वाढतात.

२. कॅट: आधी सोनेरी कडा मागवा

शोधकाने पहिल्या आठवड्यात करायची कामं अशी: खेळाचं बोधचिन्ह, पानांच्या पाठीवर कोरूची नक्षी, पेटीला चुंबकाचं झाकण. खेळ एकदाही खेळलेला नसला तरी हरकत नाही. उलट नसावाच. एकदा का तीनशे डॉलर गेले की नियमात खोट आहे हे कोणीही सांगितलं तरी तुम्ही ऐकणार नाही, आणि न ऐकणं हाच शोधकाचा पाया.

कंजूष वाचकांसाठी: घरातला जुना कॅट घ्या आणि राजा, राणी, गुलाम काढून टाका. उरली चाळीस पानं, चार रंग, एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एक्का म्हणजे एक, दश्शी म्हणजे दहा. इस्पिक भात, बदाम गोड, किलवर भाजी, चौकट तळण. झालं. पुढे काही वेगळं लिहायची वेळ आलीच तर कागदाच्या चिठ्ठ्या कापा, कार्डांसाठी मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात जुन्या पत्त्यावर ठेवा. पिसता येतात, आणि नियम बदलला की फक्त चिठ्ठी फेकायची. स्वस्तात होतं, पण रुबाब नाही.

कॅट कापणं हे काही आपलंच शहाणपण नाही. तीन-दोन-पाचला तीसच पानं लागतात, कारण तिघांना दहा-दहा मिळून हात बरोबर दहा व्हायला हवेत. तीनशे चारला बत्तीस लागतात. शेजारचे किवी आजोबा ज्या ‘फाइव्ह हंड्रेड’साठी जीव टाकतात त्यात चौघांना त्रेचाळीस पानं: दहा-दहा हातात आणि तीन मधल्या गठ्ठ्यात. बावन्न ही काही पवित्र संख्या नव्हे. आधी डावाचं माप, मग कॅट.

आपल्या डावाचं माप काढू. प्रत्येकाला तीन पानं हातात आणि एक ताटात उताणं, म्हणजे सोळा गेली, गड्डीत चोवीस उरली. एक्का ते दश्शीची सरासरी साडेपाच. म्हणजे चौथ्या पानाला ताट बाविसाच्या आसपास जातं. एक ताटात आहेच, आणखी तीन पडली की संपलं. चौघांच्या मिळून बारा-चौदा पाळ्या, एका पाळीला वीस सेकंद, डाव पाच मिनिटांत आटोपतो आणि गड्डीत दहाएक पानं उरतात. गड्डी मधेच संपून पुन्हा पिसायची वेळ आली असती तर समजायचं की कॅट तोकडा आहे किंवा वीसची मर्यादा फार सैल आहे. हे गणित पाकिटाच्या पाठीवर मावतं. म्हणून गंभीर शोधक ते करत नाहीत.

पानं वाढवायचा मोह होईल. होऊ द्या, पण सावंतवाडीकरांनी तुम्हाला कधीच मागे टाकलंय. दशावतारी गंजिफेत एकशेवीस गोल पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. वर पुन्हा दिवसा राम ज्याच्या हाती त्याची उतारी, रात्री कृष्ण ज्याच्या हाती त्याची. हा नियम रोटोटुनात आणून बघा. जूनमध्ये चहाच्या वेळीच कृष्ण सुरू होतो आणि डिसेंबरात साडेआठ वाजून गेले तरी राम हलत नाही. गंजिफेत एवढं सगळं निभावतं, कारण पिढ्यान्‌पिढ्या खेळणाऱ्यांच्या ते डोक्यात बसलेलं असतं. तुमच्या पाहुण्यांच्या डोक्यात सोमवारची मीटिंग आहे.

३. पाळी: लोकांना मोकळीक द्या आणि पस्तावा

नवशिक्याच्या खेळात पाळीचे पाच टप्पे असतात: उचला, बदला, टाका, दंड भरा आणि पाळी संपल्याचं जाहीर करा. चौथ्या टप्प्यावर प्रत्येक जण विचारतो, “आता माझं काय?” हा प्रश्न दुसऱ्या फेरीतही ऐकू आला तर पाळी लांब झाली असं समजावं. बदाम सात तीन पिढ्या एका चटईवर खेळतात, कारण पाळी एवढीच: लागत असेल तर एक पान लावा, नसेल तर पास.

‘आग्रहा’ची पाळी: गड्डीतून एक पान उचला, हातातलं एक पान वाढा. स्वतःच्या ताटात किंवा दुसऱ्याच्या. कोणालाही, काहीही. वाचायला किती उदार वाटतं!

आता हा पहिला मसुदा खेळून बघा. पहिल्या फेरीत सगळे हसतात. दुसऱ्या फेरीपासून कोणी स्वतःच्या ताटात काही घालतच नाही, कारण दुसऱ्याच्या ताटात दश्शी ढकलणं नेहमीच जास्त फायद्याचं. जो खेळ खेळायची एकच शहाणी रीत असते तो खेळ नव्हे, ती हमाली. त्याहून वाईट म्हणजे जिंकतो कोण? ज्याच्यावर कोणाचा राग नाही तो. शोधकाने इथे गंभीरपणे विचार करावा. रोटोटुनात ज्याच्यावर कोणाचा राग नाही असे तुम्ही आहात काय? मागच्या दिवाळीच्या कार्यक्रमाचा हिशोब दिलात काय?

म्हणून पहिली दुरुस्ती. दुसऱ्याच्या ताटात सर्वांत शेवटी जो रंग पडला असेल त्याच रंगाचं पान वाढता येतं. भातावर भात, गोडावर गोड. स्वतःच्या ताटात मात्र काहीही घ्या. एवढ्याने चित्र बदलतं: आता आपल्या ताटात शेवटचं पान कोणतं ठेवायचं हा एक निर्णय झाला. भाजी घेतलीत तर फक्त भाजीवाले तुमच्यावर धावून येतील.

दुसरी दुरुस्ती संस्कृतीतून आयात केलेली आहे. प्रत्येकाला डावात एकदाच ‘नको’ म्हणता येतं. पहिला नको खरा मानतात, दुसरा कोणी मनावर घेत नाही. आणि नाकारलेलं पान वाढणाऱ्याच्याच ताटात पडतं. या एका कलमाने आग्रह करणाऱ्याला घाम फुटतो. स्वतःचं ताट चौदावर असताना तुम्ही मेव्हण्याला नव्वी वाढलीत आणि तो हात आडवा धरून ‘नको’ म्हणाला, की तेवीस. उठा.

तिसरं, डाव संपायला हवा. ताट पंधरा किंवा त्याच्या वर गेलं की आपली पाळी खेळून ‘पुरे’ म्हणता येतं. त्यानंतर बाकीच्या तिघांना एकेक पाळी, आणि मोजणी. त्या तीन पाळ्यांत ‘पुरे’ म्हणणाऱ्यालाही वाढता येतंच. पुरे म्हटलं म्हणून आपल्याकडे कधी कोणी थांबलंय?

अपचन झालेल्याने हातातली पानं मिटून ठेवायची, पुढे खेळायचं नाही. हा नियम दयाळू नाही पण लागतो. हरलेल्या माणसाच्या हाती वाढायची सत्ता राहिली की तो स्वतः जिंकत नाही, फक्त कोण जिंकू नये ते ठरवतो. आणि तो हिशोब पत्त्यांचा नसतो. गाडीत घरी जाताना पूर्ण होतो.

४. नशीब आणि अक्कल: जिंकलात तर अक्कल, हरलात तर पानं लागली नाहीत

हे वाक्य पाठ करा. याशिवाय शोधकाला पत्त्यांत तग धरता येत नाही.

भिकार-सावकारमध्ये वरचं पान उलटायचं एवढंच काम असतं. निर्णय एकही नाही, पानं पिसून झाली की निकाल लागलेला असतो, आपण तो दोन तास उलगडत बसतो. दुसऱ्या टोकाला बुद्धिबळ, जिथे मेव्हणा प्रत्येक वेळी जिंकतो. आपल्याला मधली जागा हवी: नशीब इतकं की आपणही जिंकावं, आणि अक्कल इतकी की जिंकल्यावर ती आपली होती असं म्हणता यावं.

हे कमी-जास्त करायची कळ हातातल्या पानांत आहे. नवशिक्याला वाटतं, सात पानं द्या, निवड वाढेल, खेळ बुद्धीचा होईल. हिशोब करून बघू. चाळीस पानांत एका रंगाची दहा. उचलल्यावर हातात दोनच पानं असतील तर समोरच्या एका ताटाला लागणारा रंग आपल्याकडे असण्याची शक्यता शंभरात चव्वेचाळीस. चार पानं असतील तर सत्तर. सात असतील तर एकोणनव्वद. (हे ढोबळ आहे, समोर पडलेली पानं यात धरलेली नाहीत.) म्हणजे सात पानं दिलीत की रंगाचा नियम नावापुरताच उरला, प्रत्येक जण प्रत्येकाला वाढू शकतो आणि वर प्रत्येक पाळीला मिनिटभर विचार करतो. उचलूनही दोनच झाली तर निम्म्याहून जास्त वेळा जे आहे ते मुकाट गिळायचं. आपण तीन देतो, उचलल्यावर चार होतात, दहातल्या तीन वेळा अडचण होते. तीच गंमत.

आता अक्कल कुठे येते ते एका डावात पाहा. तुमच्या ताटात किलवर छक्की, चौकट दुर्री आणि शेवटी बदाम अठ्ठी. एकूण सोळा. दोन फेऱ्या पूर्ण झाल्यात, शेवटची पाळी तुमची होती. ‘पुरे’ म्हणायचं का?

तुम्हाला धोका फक्त बदामाचा, तोही पंजी किंवा त्याहून मोठ्याचा. अशी पाच पानं: पंजी, छक्की, सत्ती, नव्वी, दश्शी. बारा पानं ताटांत दिसतायत, तीन तुमच्या हातात, म्हणजे न दिसलेली पंचवीस. त्यातली नऊ तिघांच्या हातात, आणि ते आणखी एकेक उचलणार, म्हणजे बारा. काहीच न बघता ‘पुरे’ म्हणालात आणि ती पाचही पानं बाहेरच असली, तर एकही त्या बारांत नसण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोन. हे धैर्य नव्हे, आत्मघात.

पण तुम्ही बघत होता. दश्शी, सत्ती आणि पंजी दुसऱ्यांच्या ताटांत पडल्यात. बदाम तिर्री आणि चौकी तुमच्याच हातात आहेत, म्हणजे बारीक बारीक वाढून कोणी तुम्हाला विसाच्या वर नेऊ शकत नाही. उरलेले एक्का आणि दुर्री मिळून तीनच. खरे शत्रू दोन: छक्की आणि नव्वी. दोन्ही त्या बारांत नसण्याची शक्यता शंभरात सव्वीस. अजून कठीणच. पण तुमचा ‘नको’ शिल्लक असेल तर? मग तुम्हाला उठवायला दोन्ही पानं लागतात, आणि तीही वेगवेगळ्या दोघांच्या हातात, कारण एकाला एकच पाळी आहे. ती शक्यता शंभरात सोळा. म्हणजे चौऱ्याऐंशी वेळा तुम्ही ताटावर बसून राहता.

दोन, सव्वीस, चौऱ्याऐंशी. तेच ताट, तेच सोळा. फरक पडलेली पानं लक्षात ठेवण्याचा आणि ‘नको’ आधीच एखाद्या तिर्रीवर न उधळण्याचा. शोधकासाठी ही वाईट बातमी आहे, कारण पडलेली पानं मेव्हणा मोजतो.

तुमच्या खेळात अक्कल किती हे तपासायची सोपी युक्ती: पाच वर्षांच्या पोराला चौथा भिडू म्हणून बसवा आणि नियमात बसेल ते कुठलंही पान टाकू द्या. चौघांच्या खेळात निव्वळ नशीब असेल तर त्याच्या वाट्याला चारातला एक डाव यायचाच. वीस डावांत तो एखादाच जिंकला तर अक्कल आहे; पाच-सहा जिंकला तर नाही; तीन-चार जिंकला तर आणखी वीस खेळा, तेवढ्यावरून काहीच ठरत नाही. सात-आठ जिंकला तर तुम्हा तिघांविषयी काहीतरी कळतं, पण ते खेळाविषयी नसतं.

ब्रिजवाले याहून कडक आहेत. तिथे तेच हात वेगवेगळ्या टेबलांवर खेळवतात, म्हणजे पानं लागली नाहीत ही सबबच संपते. घरी करायचं तर पिसलेल्या चाळीस पानांचा क्रम कागदावर लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात जागा बदलून तोच डाव वाटा. नाशिकहून आलेल्या आजी असतील तर मात्र करू नका. त्यांना मागचा डाव पाठ असतो.

५. जागा पकडा

‘पुरे’ झाल्यावर तिघं खेळतात, आणि त्यातल्या शेवटच्याला उलट वाढायला कोणी उरलेलंच नसतं. पाळी घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, म्हणजे हा शेवटचा माणूस ‘पुरे’ म्हणणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. तेव्हा खोलीतला सर्वांत उतावळा माणूस हेरा आणि त्याच्या उजवीकडे बसा. बाहेरच्या गोलचक्करावर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यावी लागते. इथे उजवीकडे बसून कोणालाच द्यायची नसते.

प्रामाणिक लोक यावर चार डावांचा एक खेळ धरतात, प्रत्येक डावाला सुरुवात पुढच्या माणसाकडे देतात आणि ताटांची बेरीज करतात. सारखे गुण झाले तर ज्याचे ‘नको’ जास्त शिल्लक राहिले तो वर. या सुधारणेला विरोध करताना “वेळ फार जाईल” एवढंच म्हणावं.

६. चाचणी: फक्त प्रेमळ माणसांवर करा

पहिली चाचणी जोडीदारावर. “छान आहे” असं उत्तर येईल. ते नोंदवून ठेवा, पेटीवर छापता येतं. माणसं खरोखर काय म्हणतायत हे पाहायचं असेल तर त्यांच्या हाताकडे बघा: दुसऱ्याची पाळी चालू असताना हात फोनकडे गेला, की पाळी लांब आहे, डाव संपल्यावर कोणी न सांगता पानं गोळा करून पिसायला घेतली, तर जमलंय. शब्दांचं काही खरं नसतं, विशेषतः तुमच्याकडचं जेवून झाल्यावर.

आजींना मात्र खेळवावंच लागतं, त्या शेजारीच बसलेल्या असतात. आमच्याकडे एक आजी पहिल्याच संध्याकाळी लागोपाठ तीन डाव जिंकल्या. करत काय होत्या, तर स्वतःच्या ताटात शक्यतो काही घेतच नव्हत्या. हातात असेल तिथवर दुसऱ्यांना वाढायचं, अडलं तर एक्का नाहीतर दुर्री घ्यायची. बाकीचे एकमेकांना भरवून अपचनाने उठले आणि आजी पाचवर जिंकल्या. “मी एकादशी धरलीय,” म्हणाल्या. नियमात कुठेही उपासाला बंदी नव्हती.

भोक सापडलं की ते बुजवायचं, पण एका ओळीत: ताट बाराच्या खाली असेल तर मोजणीत धरत नाही. एवढ्याने उपास बंद झाला. नवशिका असं करत नाही. तो एकादशीचं पान काढतो, ते रद्द करणारं पारण्याचं पान काढतो, आणि पारण्याला अपवाद म्हणून चातुर्मास आणतो. प्रत्येक जादा पान हे कुठल्यातरी हरलेल्या डावाचं स्मारक असतं.

दुरुस्ती कधी जाहीर करायची याबद्दलही मतभेद आहेत. न्यूझीलंडने २५ मार्च २०१२ला वळणाऱ्या गाड्यांनी वाट देण्याचा नियम बदलला, तेव्हा महिनोन्‌महिने आधी लोकांना सांगितलं आणि ठरल्या दिवशी पहाटे पाचला तो लागू केला. ही पद्धत सरकारांना शोभते. शोधकाने दुरुस्ती डाव चालू असताना, आपलं ताट अठरावर असताना जाहीर करावी, आणि सुरुवात “मी मघाशीच सांगितलं होतं” अशी करावी.

शेवटची चाचणी अनोळखी लोकांवर करतात. रोटोटुना व्हिलेजमधल्या ते केते आरोनुई वाचनालयात एखाद्या टेबलावर चार माणसं गाठा, नियमांचा कागद आणि पानं द्या, आणि तोंड मिटून बाजूला बसा. एक अक्षर बोलायचं नाही. खेळाच्या पेटीत तुम्ही स्वतः मावणार नाही, त्यामुळे कागदावर नसलेला नियम अस्तित्वातच नाही. ते जिथे अडतील तिथे टीप करा. आमच्या कागदावर पहिल्या दहा मिनिटांत आलेला प्रश्न असा: नाकारलेलं पान वाढणाऱ्याच्या ताटात पडतं, मग तोही त्याला ‘नको’ म्हणू शकतो का? आम्हा मराठी मंडळींना हे कधी सुचलंच नव्हतं, कारण दारात उभं राहून “तुम्ही घ्या”, “नाही, तुम्हीच घ्या” करण्यात आपला अर्धा तास सहज जातो आणि त्यात काही चूक आहे असं वाटत नाही. कागदावर ओळ वाढली: परत आलेल्या पानाला नको नाही.

नियम अर्ध्या पानात मावत नसतील तर अक्षर बारीक करा.

७. छपाई

एवढं सगळं करूनही खेळ टिकला असेल तर आता छापा. नेहमीच्या पत्त्याचं माप ६३ बाय ८८ मिलिमीटर, आणि छापणारे साधारण चोपन्न पानांचा कॅट धरतात. आपली चाळीस. म्हणजे चौदा जागा रिकाम्या, आणि त्यांचे पैसे जाणारच आहेत. अर्ध्या पानाचे नियम दोन जागांत मावतील, एक जागा गुण मोजायच्या तक्त्याला. उरल्या अकरा. कोरी ठेवा, हरवलेल्या पानाच्या बदली उपयोगी पडतात, असा सल्ला जाणकार देतात आणि तो कोणी पाळत नाही. दोनात मेव्हण्याला उठवणारी पानं बसवा, दोन आजींसाठी, एक ‘सुगरण’, एक ‘डबा भरून द्या’. ‘शोधकाचा मान’ एकच छापा, त्याच्या पाठीवरच्या कोरूला एक पीळ कमी ठेवा, आणि वाटायला कायम आपणच बसा.